वडील दुकान मिस्त्रींच्या हवाली करताहेत. व्यापाऱ्यांना-गिऱ्हाइकांना पत्र कसं लिहावं?

नदीकाठचा
सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मोटार रिवाइंडिंगचं आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, १९८७ पासूनचं. बाबा आता ६८ वर्षांचे झाले, गुडघे गेले. मी पुण्यात नोकरी करतो आणि मला तारेचा गेजसुद्धा ओळखता येत नाही. म्हणून दुकान आमच्या मिस्त्रींना द्यायचं ठरलं. ते २००४ पासून आमच्याकडे आहेत. पैसे ठरले, तीन हप्त्यांत देणार. जागा बाबांचीच राहील, मिस्त्री भाडं देतील. दिवाळी पाडव्याला वहीपूजन मिस्त्रींच्या हातून करायचं आणि १ नोव्हेंबरपासून सगळा व्यवहार त्यांचा.

अडलंय ते पत्रावर. साधारण तीस व्यापारी आहेत (तांब्याची तार, बेअरिंग, सील, स्टार्टर, कपॅसिटरवाले), गिऱ्हाइकं आठ-नऊशे, त्यातली दोनेकशे उधारीची. बाबांनी कच्चा मसुदा लिहिलाय:

«स.न.वि.वि. परमेश्वराच्या कृपेने व आपणां सर्वांच्या सहकार्याने गेली ३८ वर्षे व्यवसाय सचोटीने केला. आता वयोमानानुसार निवृत्त होत असून दुकानाची धुरा आमचे विश्वासू सहकारी श्री. (नाव गाळतो) यांच्याकडे सोपवीत आहे. आजवर आम्हांस जो लोभ दाखविलात तोच त्यांनाही दाखवावा. माझे मार्गदर्शन त्यांना सदैव लाभेलच. काही अडचण आल्यास मी आहेच. कळावे, लोभ असावा.»

मला बरं वाटलं वाचून. बायको म्हणाली, यात काहीच कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हुरडापार्टी
पत्राबरोबर शाल आणि श्रीफळ पण लागेल. फॉरमॅट पाहिजे तर आमच्या झेडपीत दर महिनाअखेरीला एक निरोप समारंभ असतो, भाषणासकट मिळेल.

तांबडी तार
मी पुण्यात वाइंडिंग वायरच्या धंद्यात आहे, म्हणजे तुमच्या बाबांचं पत्र ज्याच्या टेबलावर येईल त्या बाजूचा. असं पत्र वर्षाला तीन-चार तरी येतं. आम्ही त्यात काय बघतो ते सांगतो.

परमेश्वराच्या कृपेची ओळ आम्ही वाचत नाही, माफ करा. पहिलं बघतो तारीख: कुठल्या दिवसानंतर गेलेला माल कोणाच्या नावावर टाकायचा? दुसरं, आज जी बाकी आहे ती कोण देणार आणि कधी? तिसरं, नवीन जीएसटी नंबर. ही तीन नसतील तर पत्र फाइलला लागतं आणि मी फोन उचलतो.

तांब्याचा भाव रोज हलतो. आमचा माल ३० दिवसांच्या उधारीवर जातो आणि ५० किलो तार म्हणजे लहान रक्कम नाही. तुमच्या बाबांना मी उधार देतो कारण वीस वर्षांत त्यांचा चेक परत गेलेला नाही. मिस्त्रींना मी ओळखतो तो ट्रान्सपोर्टवर पार्सल घ्यायला येणारा माणूस म्हणून. ते कारागीर चांगले असतील, त्यावर माझं दुमत नाही. पैसे वेळेवर देतील का, हे मला माहीत नाही. आमच्याकडे रीत अशी की नवीन खात्याची पहिली तीन बिलं रोख, मग १५ दिवस, मग ३०.

आणि एक. बऱ्याच व्यापाऱ्यांकडे बाबांचे सही केलेले कोरे चेक तारण म्हणून पडलेले असतील. ते परत मागा. पत्रातच मागा, कोणी वाईट मानत नाही.

कागदी घोडा
जीएसटीचं एवढं काही नाही हो. पोर्टलवर जाऊन दुरुस्तीचा अर्ज करायचा, मालकाचं नाव बदलायचं. नंबर तोच राहतो. माझ्या मेव्हण्याने दुकानाचं नाव बदललं तेव्हा आठ दिवसांत झालं होतं.

आकडेमोड
कागदी घोडा, तुमच्या मेव्हण्यांनी दुकानाचं नाव बदललं, मालक तोच राहिला. इथे मालक बदलतोय. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा जीएसटी नंबर त्या माणसाच्या पॅनला बांधलेला असतो. नंबरातली मधली दहा अक्षरं म्हणजे पॅनच. बाबांच्या पॅनवर मिस्त्री धंदा करू शकत नाहीत. मिस्त्रींना नवीन नोंदणी घ्यावी लागेल, धंदा हातात येईल त्या तारखेपासून. बाबांची नोंदणी रद्द करायची आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरायचं. हे शेवटचं भरायचं लोक हमखास विसरतात आणि मग नोटीस येते.

नदीकाठचा, दुकानातल्या मालाचं काय ठरलंय? बाबांच्या खात्यावर शिल्लक असलेलं क्रेडिट मिस्त्रींकडे न्यायला आयटीसी-०२ नावाचा फॉर्म आहे, पण त्यात देण्यांसकट धंदा गेला पाहिजे अशी अट आहे आणि सीएचा दाखला लागतो. तुम्ही जर म्हणत असाल की जुनी देणी बाबाच फेडणार, तर तो रस्ता गोंधळाचा. छोट्या दुकानात मी सोपं करते: बाबांनी मिस्त्रींच्या नव्या नंबरावर मालाचं रीतसर बिल फाडायचं. समजा ४ लाखांची तार आहे, तर १८ टक्क्यांनी ७२ हजार जीएसटी. बाबा तो आपल्या शिल्लक क्रेडिटमधून आणि उरलेला रोखीने भरतील, मिस्त्रींना तेवढंच क्रेडिट मिळेल. पण त्यासाठी मिस्त्रींचा नंबर आधी हातात हवा. नंबर आल्याशिवाय पत्र छापू नका. एका अशिलाने छापलं, नंबर आला सतरा दिवसांनी, आणि सतरा दिवस दुकान उघडं पण बिल कोणाच्या नावाने करायचं ते कोणाला ठाऊक नाही.

मिस्त्रींच्या बाजूनेही एक गोष्ट. चालता धंदा घेतला की बाबांच्या काळातला राहिलेला कर पुढे कधी निघाला, तर खातं दोघांकडेही मागू शकतं. म्हणून करारात «१ नोव्हेंबरच्या आधीचं जे निघेल ते मी भरेन» हे बाबांकडून लिहून घ्यायला सांगा. तुम्ही बाबांचे चिरंजीव आहात हे समजून सांगतेय.

नदीकाठचा
आकडेमोडताई, ही शेवटची गोष्ट आमच्या कर सल्लागाराने सांगितली नव्हती. मिस्त्रींना मीच सांगेन.

सूतधागा
माझा अनुभव सांगतो, फार कामाचा आहे. इचलकरंजीत आमची चार भागीदारांची लूमची फर्म होती. मी २०१६ ला बाहेर पडलो. नमस्कार-चमत्कार झाले, सगळ्यांना व्हॉट्सअॅप केलं. दोन वर्षांनी एका सूतवाल्याने माझ्यावर दावा लावला की माल दिला तेव्हा तुम्ही भागीदार आहात असंच आम्हाला वाटत होतं. वकील म्हणाला, कायद्याने जाहीर नोटीस द्यायची असते: सरकारी राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या एका मराठी पेपरात, शिवाय फर्म नोंदलेली असेल तर रजिस्ट्रारला कळवायचं. ती न दिल्याने मला अर्धी रक्कम देऊन मिटवावं लागलं. तेव्हा बाबांना सांगा, पत्रबित्र सोडा, राजपत्रात नोटीस द्या.

आकडेमोड
सूतधागा, तुमचं खरं आहे, पण तो भागीदारीचा कायदा. इथे भागीदारीच नाही. पेपरात जाहिरात दिली तर बिघडत काही नाही, सक्ती नाही एवढंच.

सूतधागा
असेल. पण आमच्या वेळी असं सांगणारं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

वाडीकर
मी गिऱ्हाईक वर्गातला. शेतकरी. आमची पाच एचपीची सबमर्सिबल वर्षाआड जळते, व्होल्टेजची कृपा. मला पत्र वगैरे कोणी पाठवलं तर मी ते देवळीत ठेवीन. मला विचारायचंय एवढंच: मोटार भरून आणल्यावर एक हंगाम जळणार नाही असं तोंडी सांगतात, ते सप्टेंबरात भरलेल्या मोटारीला नोव्हेंबरात कोण पाळणार? दुसरं, ऊसबिल आल्यावर पैसे, हे चालू राहणार का? तिसरं, जुनं जळकं तांबं वजावटीत धरतात, त्याचा दर कोण ठरवणार?

मिस्त्रीची काळजी नाही. २०१९ च्या पुरात मोटारी बुडाल्या तेव्हा सगळ्या तालुक्याने बघितलंय कोण रात्रभर भट्टीशी बसलं होतं ते. शेठ गल्ल्यावर असायचे.

हुरडापार्टी
हे वाचून बाबांना वाईट वाटेल राव.

नदीकाठचा
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे त्याचं, पण भट्टीची लाकडं आणि बिल कोणाचं होतं ते पण लिही म्हणावं.

वाडीकर काका, तुमचे तिन्ही प्रश्न आमच्या मनातही आले नव्हते. मसुद्यात एकाचंही उत्तर नाही.

म्हापशेकरीण
मी वडिलांचं हार्डवेअरचं दुकान घेतलं त्याला सहा वर्षं झाली. पत्र सुंदर होतं, छापील, सोनेरी कडेचं. त्यातही शेवटी हेच वाक्य: काही अडचण आल्यास मी आहेच.

त्या एका वाक्याने माझं दीड वर्ष खाल्लं. मी एका कंत्राटदाराला सांगितलं, पेंटवर एवढी सूट, याहून जास्त नाही. तो समोर उभा राहून पप्पांना फोन लावायचा. पप्पा घरी झोपाळ्यावर, त्यांना खरेदीचा नवा भाव माहीत नाही, «अगं दे त्याला, जुना माणूस आहे.» बिल फाडायला मी, तोटा माझा, आणि चांगले म्हणवून घ्यायला पप्पा. कामगारही तसेच शिकले. रजा मी नाकारली की घरी फोन.

नदीकाठचा, तुमच्या मिस्त्रींना तर हे अजून जड जाईल. मी निदान मुलगी होते, भांडू शकत होते. वीस वर्षं ज्यांना शेठ म्हटलं त्यांना ते काय बोलणार? «मी आहेच» काढा. «मार्गदर्शन»ही काढा.

तांबडी तार
म्हापशेकरीण ताई, गिऱ्हाइकांपुरतं पटलं. पण व्यापाऱ्याच्या पत्रातून काढलं तर मिस्त्रींचंच नुकसान आहे. त्या एका ओळीवर मी तीन बिलं रोखीची अट सोडून देईन. मार्चमध्ये मोटारी जळायला लागल्या की त्यांना महिन्याला दीडदोनशे किलो तार लागणार. रोखीने एवढी आणायला त्यांच्याकडे भांडवल आहे का? नसणार, तीन हप्ते तुम्हालाच द्यायचेत.

आकडेमोड
तांबडी तार, तुम्ही त्या ओळीवर उधार देणार म्हणजे तुम्ही ती हमी समजताय. उद्या मिस्त्रींचे पैसे थकले तर तुम्ही बाबांकडे जाणार आणि पत्र पुढे करणार. हमी तोंडीसुद्धा चालते, ही तर लेखी आणि सहीची. «मी आहेच» म्हणजे किती रुपयांपर्यंत आहे, कधीपर्यंत आहे? कोर्टात त्याचा काय अर्थ लागेल ते मी आज सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.

द्यायची तर नीट द्या. ज्या दोन-तीन तारवाल्यांशिवाय चालत नाही त्यांनाच, वेगळ्या कागदावर: «श्री. अमुक यांना दिलेल्या मालाच्या बाकीपोटी १ लाख रुपयांपर्यंत, ३१ मार्चपर्यंत गेलेल्या मालाबद्दल मी जबाबदार राहीन.» त्याआधीच नको वाटलं तर बाबा पुढच्या मालापुरती ती लेखी कळवून थांबवू शकतात, गेलेल्या मालाची मात्र राहते. बाकी सत्तावीस व्यापाऱ्यांना नुसती ओळख.

तांबडी तार
असा कागद कोणी दिला तर मी ३० दिवस पहिल्या बिलापासून देईन. खरं सांगायचं तर आजवर कोणी दिला नाही. सगळे «आहेच» वर भागवतात आणि आम्हीही.

खवचट खानावळ
आमच्या आजोबांनी १९९४ ला खानावळ काकांकडे दिली आणि ‘मी आहेच’ म्हणाले. २००९ पर्यंत होते. रोज आमटीची चव घ्यायला.

गुळाची ढेप
विषयाला धरून एक वाईट अनुभव. आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं असंच पत्र व्हॉट्सअॅपवर आलं: मुलगा आता कारभार बघतो, बँक खातं बदललंय, यापुढे पैसे खालील खात्यावर. लेटरहेड तेच, सही तीच. मी १,८५,००० पाठवले. मुलगा खरंच कारभार बघत होता, खातं मात्र त्याचं नव्हतं. खरं पत्र आठ दिवस आधी गेलं होतं, कोणीतरी त्याचाच फोटो घेऊन खालचा भाग बदलला. पोलिसांत दिलं, थोडे पैसे अडकवले गेले, बाकी गेले.

तेव्हापासून माझा नियम, ज्या कागदात माणूस आणि खातं दोन्ही एकदम बदलतं त्यावर जुन्या नंबरावर स्वतः फोन केल्याशिवाय रुपया सोडायचा नाही.

नदीकाठचा
बाप रे. म्हणजे पत्रात खातं नंबर टाकायचाच नाही?

गुळाची ढेप
माझं मत, टाकू नका. «नवीन खात्याचा तपशील पहिल्या बिलावर छापलेला असेल, पैसे पाठवण्याआधी दुकानाच्या जुन्या नंबरावर खात्री करावी» एवढं लिहा.

म्हापशेकरीण
पण जुना नंबर कोणाकडे राहणार? हा प्रश्न आमच्याकडे पत्रापेक्षा मोठा झाला होता. पप्पांचा मोबाइल नंबर पाटीवर, बिलबुकावर, कॅलेंडरवर. गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये दुकान म्हणून तोच.

नदीकाठचा
बरोबर, बाबांचंही तेच. तोच नंबर बँकेला, आधारला, गॅसला, आणि गल्ल्यावरचा क्यूआर त्याच्यावरच. मिस्त्रींना नंबर दिला तर बाबांचे ओटीपी मिस्त्रींना येतील. नाही दिला तर सगळे फोन बाबांना, म्हणजे पुन्हा «मी आहेच».

कागदी घोडा
कॉल फॉरवर्ड करा.

म्हापशेकरीण
कॉल जातील, व्हॉट्सअॅप नाही जाणार. शेतकरी मोटारीच्या पाटीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात ना? आम्ही शेवटी असं केलं: पप्पांना नवीन नंबर घेतला, एकेक करून बँक, आधार, पेन्शन त्यावर नेलं, दोन महिने लागले, आणि मग जुना नंबर रीतसर माझ्या नावावर केला. हे पत्राच्या आधी करायला हवं होतं, आम्ही नंतर केलं.

वाडीकर
क्यूआर बदलला तरी आमच्यातले निम्मे जुन्यावरच पैसे टाकणार. फोनमध्ये ‘शेठ मोटार’ आहे, त्यालाच दाबतात.

आकडेमोड
म्हणून जुनं खातं लगेच बंद करू नका. वर्षभर तरी राहू दे, आणि दर शनिवारी बसून त्यात आलेले पैसे वेगळे काढा: जुन्या बाकीचे बाबांचे, नव्या कामाचे मिस्त्रींचे. वहीत दोघांनी सही करायची. ही वही नसली की सहा महिन्यांनी पहिलं भांडण होतं ते चारशे रुपयांवरून.

नदीकाठचा
जुन्या बाकीवरून विचारतो. गिऱ्हाइकांकडे आमचे साधारण ६ लाख ४० हजार येणं आहे. ते बाबांचं राहणार असं ठरलंय. पण गिऱ्हाईक दुकानात येणार मिस्त्रींकडे.

खवचट खानावळ
आणि म्हणणार, शेठ भेटले की देतो. शेठ भेटले की म्हणणार, दुकानात दिले.

तांबडी तार
हाच खेळ सगळीकडे. यावर पत्राने काम होत नाही, खातेउताऱ्याने होतं. दोनशे उधारीवाल्यांना पत्राबरोबर त्याच्या बाकीची चिठ्ठी जाऊ दे: ३१ ऑक्टोबरअखेर तुमच्याकडे येणे रु. ८,२००. खाली त्याची सही. ज्याचा आकडा चुकलाय तो लगेच बोलतो. आणि बोलला की बरं, तेव्हा शेठ जिवंत आहेत, मिस्त्री समोर आहेत, वही उघडी आहे.

आकडेमोड
आणि त्या सहीला वजन आहे. उधारीची मुदत तीन वर्षांची. मुदत संपायच्या आत कबुलीची सही मिळाली तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. संपल्यावर घेतलेल्या सहीला तसं वजन नाही, तेव्हा तीन वर्षं भरत आलेल्या बाक्या आधी उचला.

एक करा, जुनी वसुली मिस्त्रींनी करायची असेल तर त्यांना शेकडा काहीतरी द्या. फुकट कोण मागेल? आणि नवीन गिऱ्हाईक जोडायच्या दिवसांत जुन्या पैशाचा तगादा लावला की गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं.

हुरडापार्टी
धागा पत्राचा होता ना? इथे तर अख्खी फारकत चाललीय.

नदीकाठचा
हो, पण आता पत्र लिहिता येईल असं वाटतंय. चार दिवस देतो बाबांबरोबर बसून.

नदीकाठचा
आठ दिवस लागले. बाबा आणि मिस्त्री दोघांना समोर बसवून लिहिलं. दोन पत्रं केली. गिऱ्हाइकांचं हे:

«स.न.वि.वि. ३१ ऑक्टोबर रोजी मी दुकानाच्या कामातून निवृत्त होत आहे. १ नोव्हेंबरपासून दुकानाचे मालक श्री. ... हे आहेत. २००४ पासून तुमच्या मोटारी तेच भरत आले आहेत. यापुढे मजुरी, भाव, उधारी याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

३१ ऑक्टोबरपर्यंत भरलेल्या मोटारींची हमी पूर्वी सांगितल्याप्रमाणे आहे, ती ते पाळतील. तेवढा खर्च मी त्यांना देईन. ऊसबिलावर पैसे देण्याची सोय सध्याच्या गिऱ्हाइकांना या हंगामापुरती चालू राहील, पुढे ते ठरवतील. जुन्या तांब्याचा दर त्या दिवशी दुकानात फळ्यावर लिहिलेला असेल.

तुमची मागील बाकी सोबतच्या चिठ्ठीत आहे. ती माझी आहे, दुकानात दिलीत तरी चालेल, वेगळी पावती मिळेल. ज्यांच्या मोटारी दुकानात पडून आहेत त्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत घेऊन जाव्यात.

दुकानाचा फोन तोच आहे, आता तो ते उचलतील. कळावे, लोभ असावा.»

व्यापाऱ्यांच्या पत्रात नवीन जीएसटी नंबर (आला, अकरा दिवस लागले), «३१ ऑक्टोबरपर्यंतची सर्व बिले मी ३० नोव्हेंबरच्या आत देईन» आणि कोरे चेक परत मागितलेत. खातं नंबर नाही. दोन तारवाल्यांना हमीचा वेगळा कागद, एक-एक लाख, ३१ मार्चपर्यंत. पंप कंपनीच्या डीलरशिपबद्दल मात्र काहीच लिहिलं नाही, कारण ती कंपनी देईल तेव्हा खरी. विचारलंय, अजून उत्तर नाही.

बाबांनी एका वाक्यावर दोन दिवस घालवले, «त्यांचा शब्द शेवटचा» या. आधी म्हणाले ‘आमच्या विचाराने’ घाल मध्ये. मिस्त्री काही बोलले नाहीत, चहाचा कप फिरवत बसले. मग बाबांनीच खोडलं.

म्हापशेकरीण
तो कप मला दिसला.

तांबडी तार
‘खर्च मी त्यांना देईन’ हे चांगलं केलंत. आकडा ठरवलाय का?

नदीकाठचा
मोटारीमागे तारेचा खर्च बाबांचा, मजुरी मिस्त्रींची. आणि मोटार खरंच भरण्यामुळे जळली की एक फेज गेल्याने, ते मिस्त्रीच ठरवणार. इथे थोडी गडबड आहे हे कळतंय, पण दुसरं कोण ठरवेल?

सूतधागा
पेपरात जाहिरात दिली का?

नदीकाठचा
दिली सूतधागा काका, तुमच्यासाठी. छोटीशी.

कागदी घोडा
ऊसबिलाची सोय लेखी देऊ नये असं माझं मत. कारखाना कधी बिल देईल सांगता येतं का? तोंडीच बरं असतं.

वाडीकर
तोंडी असलं की ओळखीच्याला मिळतं, बाकीच्याला नाही. लेखी बरं.

आकडेमोड
मला दोन्ही बाजू पटतात. मिस्त्रींचं भांडवल बघता मी असते तर रकमेची मर्यादा घातली असती, माणशी पाच हजार वगैरे. पण पत्र गेलं असेल तर राहू द्या, हंगामापुरतं म्हटलंय.

गुळाची ढेप
पडून असलेल्या मोटारी किती निघाल्या?

नदीकाठचा
त्रेचाळीस. मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला पत्र्याची पट्टी तारेने बांधलेली, तिच्यावर खिळ्याने ठोकलेलं गाव, एचपी आणि तारीख. बत्तीस जणांना फोन लागला. अकरांची काहीच ओळख लागत नाही, काही पट्ट्या गंजून अक्षरंच गेलीत. बाबा म्हणतात तांबं काढून विकू नका, माणूस येतो. एक जण म्हणे सात वर्षांनी आला होता. मिस्त्री म्हणतात जागा लागते. हे पत्रात बसलं नाही, करारातही नाही.

वाडीकर
त्या अकरांत एखादी साडेसात एचपीची आहे का, पट्टीवर नुसतंच ‘मळा’ लिहिलेली? आमच्या चुलत्याने पुरानंतर कुठेतरी टाकली होती, कुठे ते त्याला आठवत नाही. शनिवारी येऊन बघतो.